फोटोवरून कंपनी ओळखली, तरी पार्ट बसत नाही: ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रासाठी नेमके काय पाहावे

फोटो नेहमी असाच येतो. भर उन्हात, दहा-पंधरा फुटांवरून काढलेला. पुढे ट्रॅक्टर, मागे फवारणी यंत्र, बॉनेटवरचे अक्षर निम्मे उडालेले, आणि खाली एकच ओळ: "कंपनी कोणती? पार्ट पाहिजे." त्यावर पाच मिनिटांत पाच जण पाच नावे सांगतात. सगळे रंगावरून. मग त्यातल्या एका नावाने पार्ट मागवला जातो, तो येतो, बसत नाही, आणि आठवड्याने तोच फोटो पुन्हा फिरू लागतो. मी बरीच वर्षे सुट्या भागांच्या काउंटरमागे काढली आहेत. परत आलेल्या मालाचे खोके उघडताना पुन्हा पुन्हा एकच लक्षात आले, की बहुतेक वेळा सांगितलेले नाव बरोबरच असायचे. प्रश्नच चुकीचा विचारलेला असायचा.

शेतातल्या एका यंत्रावर एकच कंपनी क्वचित असते. फवारणी यंत्राचे उदाहरण घ्या. टाकी ओतणारा वेगळा, सांगाडा वेल्डिंग करून रंगवणारा वेगळा, पंप तिसऱ्याचा, नोझल चौथ्याचे, प्रेशर रेग्युलेटर आणखी कुणाचा. ज्याने हे सगळे जोडून विकले त्याचे स्टिकर टाकीवर असते. ते स्टिकर ओळखून फार तर टाकीचे झाकण मिळेल. गळते आहे पंपातून, आणि पंपवाल्याचे नाव टाकीवर कधीच नसते. उलटही होते. इंजिनावर ठळक अक्षरांत पर्किन्स लिहिलेले पाहून लोक ट्रॅक्टरच पर्किन्सचा समजतात. पर्किन्सने इंजिने अनेक ट्रॅक्टरवाल्यांना पुरवली आहेत, त्यामुळे त्या नावावर पिस्टन मिळेल, पण हायड्रॉलिकचा पंप मिळणार नाही. डिझेल पंपावर बॉश, ट्रॅक्टरच्या मागून अवजार फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टवर आणखी कुणाचे नाव, टायरवर टायरवाल्याचे. ही सगळी नावे खरी, पण प्रत्येक नाव आपापल्या तुकड्यापुरतेच.

म्हणून फोटो पाहताना मी आधी विचारतो, "बिघडले काय?" त्या उत्तरावरून कुठल्या तुकड्याची कंपनी शोधायची ते ठरते. पुढची सगळी खटपट त्या तुकड्यापुरती करायची.

एक केस, जिच्यात दोन किट परत गेले

ट्रॅक्टरच्या तीन टोकांवर टांगलेले ४०० लिटरचे फवारणी यंत्र होते. तक्रार अशी की प्रेशरचा काटा थरथरतो, फवारा धक्के देत येतो आणि पंपावरच्या छोट्या काचेच्या वाटीतले ऑइल पांढरे झाले आहे. ऑइल दुधाळ झाले म्हटल्यावर रोग ओळखायला फोटोही नको. पिस्टन-डायफ्राम जातीच्या पंपात रबरी पडदा एका बाजूला ऑइल आणि दुसऱ्या बाजूला औषधाचे पाणी वेगळे ठेवतो. तो फाटला की पाणी ऑइलमध्ये जाते. अशा वेळी पंप चालवतच राहिले तर आतले बेअरिंग गंजतात आणि पडद्यांच्या किटवर भागणारे काम पूर्ण पंपावर जाते. पंप बंद करून ऑइल काढून टाकायचे, आतून डिझेलने धुवायचे, आणि मग शोध सुरू करायचा.

किट मात्र दोनदा चुकले. पहिल्यांदा टाकीवरच्या स्टिकरच्या नावाने मागवले. त्या नावाच्या विक्रेत्याने "आमच्या ४०० लिटरला हाच पंप असतो" म्हणून त्याच्याकडच्या पंपाचे किट पाठवले. त्यात दोनच पडदे होते. पंपाला डोकी, म्हणजे एकेक पडदा बसतो ते भाग, होती तीन. बहुधा मूळ पंप कधीतरी बदलून दुसरा बसवलेला असावा. जुन्या यंत्रांत हे अगदी सर्रास होते.

दुसऱ्यांदा जरा डोके वापरले, पण मापात घोटाळा झाला. पंपाचा समोरून फोटो काढला आणि शाफ्टचा व्यास माहीत आहे म्हणून त्यावरून डोक्याच्या कव्हरची रुंदी काढली. कल्पना चांगली आहे. पीटीओला जोडणारा ६ दातांचा शाफ्ट प्रमाणित असतो, बाहेरून १ ३/८ इंच, म्हणजे जवळपास ३५ मिलिमीटर. फोटोत शाफ्ट किती पिक्सेल भरतो ते मोजले की एका मिलिमीटरला किती पिक्सेल ते कळते, आणि त्यावरून बाकी सगळे मोजता येते. या फोटोत कव्हर १०० मिलिमीटर निघाले. त्या मापाचे, तीनच डोक्यांचे, दिसायला तसेच मॉडेल यादीत सापडले आणि किट मागवले. पडदे आले ते लहान. वर्णिअर लावल्यावर कव्हर १२० मिलिमीटरचे निघाले.

चूक कॅमेऱ्याच्या अंतरात होती. शाफ्टचे टोक डोक्यांच्या तुलनेत सुमारे ८ सेंटिमीटर पुढे आलेले. फोटो काढताना मोबाइल शाफ्टपासून ४० सेंटिमीटरवर होता, म्हणजे डोकी ४८ सेंटिमीटरवर. जे लांब असते ते लहान दिसते, आणि किती लहान तेही मोजता येते: ४० भागिले ४८, म्हणजे साधारण ८३ टक्के. १२० चे १०० झाले ते असे. हाच फोटो २ मीटरवरून झूम करून काढला असता तर अंतरे २०० आणि २०८ सेंटिमीटर झाली असती आणि १२० चे ११५ दिसले असते. म्हणून मापासाठी फोटो हवा असेल तर मागे सरकून झूम करायचे, जवळ जाऊन काढायचा नाही. आणि मोजायची वस्तू व मोजपट्टी एकाच पातळीत हवी. पट्टी जमिनीवर आणि पार्ट वर, असल्या फोटोचा काही उपयोग नाही. एवढे करूनही फोटोतले माप दोन मॉडेलांतून एक वगळण्यापुरतेच धरावे. ऑर्डर त्या मापावर देऊ नये.

पाटी असते, रंगाखाली

तिसऱ्या वेळी मी फोटोच वेगळे मागितले. पंपाच्या अंगावर सगळीकडून सांगाड्याचाच पिवळा रंग मारलेला होता. जोडणी झाल्यावर सगळे यंत्र एकदम रंगवतात किंवा पुढे कोणी हौसेने रंगवतो, तेव्हा पाटीही रंगात बुडते. पंपाच्या पाठीवर किंवा क्रँककेसच्या सपाट भागावर चारचौघांना न दिसणारा एक चौकोनी उंचवटा असेल तर तिथे बहुधा ॲल्युमिनियमची पातळ पाटी आहे असे समजावे. तिथे थिनरचे फडके ठेवून थोडा वेळ थांबायचे आणि मऊ कापडाने पुसायचे. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात नको. या पाटीवरचे अक्षर कित्येकदा नुसते छापलेले असते, ते रंगाबरोबरच निघून जाते. शिक्का मारलेले असेल तरच ते टिकते. म्हणून आधी कोपऱ्यात थोडे पुसून पाहायचे.

या कामाआधी दोन गोष्टी. ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात ठेवायची, कारण पंप पीटीओच्या अगदी जवळ असतो आणि मोबाइल घेऊन माणूस नकळत तिथेच वाकतो. आणि यंत्र धुऊन, हातमोजे घालूनच हात लावायचा. पंपाच्या खाचांत जुन्या औषधाचा थर बसलेला असतो.

अक्षर झिजले असेल तर ते प्रकाशाने वाचायचे. समोरून फ्लॅश मारला की झिजलेले अक्षर सपाट दिसते आणि दिसेनासे होते. मोबाइलचा फ्लॅश बंद करावा, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च पाटीच्या कडेला, जवळपास पाटीला टेकवून धरावा आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून असे तीन फोटो काढावेत. सावली अक्षराच्या कडेला पडते आणि एका बाजूने न दिसलेला आकडा दुसऱ्या बाजूने उठून दिसतो. तरीही जमत नसेल तर पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. त्या कागदाचा फोटो बऱ्याचदा पाटीच्या फोटोपेक्षा स्पष्ट येतो. बिडाच्या कास्टिंगवर उठावदार अक्षरे असतील तर वरून खडू घासला तरी पुरते.

फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो मेसेजिंग ॲप दाबून लहान करते. त्यात आधी बारीक तपशील मरतात आणि ८ चा ३, किंवा ५ चा इंग्रजी एस होतो. शून्य आणि इंग्रजी ओ, १ आणि इंग्रजी आय हा गोंधळ तर मोठ्या फोटोतही होतोच. शंका असलेला आकडा मी दोन्ही प्रकारे शोधून पाहतो.

या पंपावर पाटी सापडली. मॉडेलची अक्षरे, ७० लिटर प्रति मिनिट, २० बार, ५५० फेरे. हे आकडे वाचायला शिकणे कामाचे आहे. लिटर आणि बार हे दोन्ही जुळले की मॉडेल जवळपास पक्के होते, आणि यादीत एकाच नावापुढे वेगवेगळी अक्षरे लावलेली तीन भावंडे असतील तर त्यांतले नेमके कोणते तेही कळते. कमी दाबाचा आणि जास्त दाबाचा असे एकाच कंपनीचे पंप बाहेरून सख्खे भाऊ दिसतात. पडदे मात्र वेगळे असतात.

इथेही एक सापळा होता. पाटी शोधण्याआधी डोक्याच्या कव्हरवर उठावदार आकडे दिसले होते आणि यंत्राच्या मालकाला वाटले की हाच पार्ट नंबर. तो कास्टिंग नंबर होता, म्हणजे ज्या साच्यातून बीड किंवा ॲल्युमिनियम ओतले त्या साच्याचा. एकाच साच्यातून निघालेल्या ओतीव भागाला पुढे मशिनवर वेगवेगळी भोके पाडून दोन-तीन वेगवेगळे पार्ट बनवता येतात. म्हणून कास्टिंग नंबर "कंपनी आणि घराणे कोणते" हे सांगतो, "हाच पार्ट" असे सांगत नाही. शोधायला तो उत्तम. ऑर्डरच्या चिठ्ठीवर एकटा लिहायला धोक्याचा.

मॉडेल कळल्यावरही किट मागवण्याआधी फाटलेला पडदा काढून तीन गोष्टी मोजल्या: बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि कडेला उठाव आहे की कड सपाट आहे. या तीन जुळल्या तर पडदा बसतो. कडेचा उठाव फोटोत नीट येत नाही, पडदा आडवा धरून बाजूने फोटो काढावा लागतो. किटमध्ये काय काय आले पाहिजे हेही मोजून ठेवावे. तीन डोक्यांच्या पंपाला तीन पडदे आणि सहा व्हॉल्व्ह लागतात, प्रत्येक डोक्याला एक ओढणारा आणि एक ढकलणारा. कित्येक स्वस्त किटमध्ये फक्त पडदे असतात, आणि झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहिल्याने काटा थरथरतच राहतो. मग माणूस पुन्हा म्हणतो की पार्ट चुकीचा आला.

पडद्याचे रबर कोणते हेही विचारा. साधे नायट्राइल, पॉलियुरेथेन आणि व्हिटॉन असे प्रकार मिळतात, आणि फवारायचे औषध कोणत्या प्रकाराला खाते ते वेगवेगळे आहे. हे फोटोवरून ओळखायला जाऊ नये, काळे रबर सगळे सारखेच काळे दिसते.

ट्रॅक्टर: पत्र्याकडे पाहू नका, बिडाकडे पाहा

ट्रॅक्टरच्या बाबतीत लोक बॉनेट पाहतात. बॉनेट हा सगळ्या ट्रॅक्टरमध्ये सर्वांत सहज बदलणारा भाग. चार बोल्ट काढले की दुसरे बसते. रंग तर एका सुट्टीचे काम. हिरवा-पिवळा म्हणजे जॉन डिअर, लाल म्हणजे मॅसी, निळा म्हणजे फोर्ड किंवा न्यू हॉलंड, नारिंगी म्हणजे कुबोटा, हे पाठ असावे. पण त्याला पहिला अंदाज यापलीकडे किंमत देऊ नये. मी विश्वासाची उतरंड अशी लावतो: सर्वांत वर मागच्या ॲक्सलचे हाऊसिंग आणि गेअर बॉक्सचे बीड, मग इंजिनाचा ब्लॉक, मग पत्रा, मग रंग, आणि सर्वांत खाली स्टिकर. मागचे हाऊसिंग कोणी हौसेने बदलत नाही.

त्यात परवान्यावर बनलेल्या ट्रॅक्टरांचा गुंता आहे. महिंद्राचा बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ वरून आलेला, एचएमटीचे सुरुवातीचे ट्रॅक्टर झेटरच्या तंत्रज्ञानाचे, युगोस्लाव्हियातल्या आयएमटीने मॅसी फर्ग्युसनच्या परवान्यावर ट्रॅक्टर बनवले, तर रोमानियातल्या युनिव्हर्सलने फियाटच्या. त्यामुळे दोन माणसे एकाच फोटोवर दोन नावे घेऊन भांडतात तेव्हा कधीकधी दोघेही बरोबर असतात. अशा ट्रॅक्टरचे पुष्कळसे भाग मूळ घराण्याच्या यादीतून बसतात. पुष्कळसे, सगळे नाहीत. वायरिंग, मीटर, दिवे, पत्रा हे भाग स्थानिक बनावटीचे असण्याची शक्यता जास्त, तर गेअर आणि बेअरिंग मूळ आराखड्यातले असण्याची जास्त.

पण नाव आणि मॉडेल दोन्ही बरोबर असूनही पार्ट कसा चुकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे मॅसी फर्ग्युसन ३५. जगभर पसरलेला, आजही कामावर असलेला ट्रॅक्टर. सुरुवातीच्या डिझेल ३५ मध्ये स्टँडर्डचे चार सिलिंडरचे इंजिन होते. १९५९ च्या अखेरीस ते जाऊन पर्किन्सचे तीन सिलिंडरचे ए३.१५२ आले. बॉनेट तेच, नाव तेच, आकडा तोच. इंजिनाचा एकही पार्ट एकमेकांना लागत नाही. "मॅसी ३५ चा हेड गॅस्केट" एवढे सांगून मागवणारा निम्म्या शक्यतेवर खेळत असतो.

हे मात्र फोटोवरून सहज सुटते. इंजिनाचा बाजूने फोटो घ्या आणि इंजेक्टर मोजा. डिझेल पंपातून निघून हेडवर जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या तीन आहेत की चार? तीन असतील तर पर्किन्स, चार असतील तर स्टँडर्ड. फोटो मात्र सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला नसावा. काही मोबाइल तो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. मग सायलेन्सर दुसऱ्या बाजूला दिसतो आणि जाणकार माणूसही तासभर चुकीच्या यादीत शोधत बसतो. टायरवरचे अक्षर उलटे वाचावे लागले तर समजून जावे.

नंबर तीन प्रकारचे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या कामाचे. ट्रॅक्टरचा सीरियल नंबर पाटीवर असतो, मॅसी ३५ आणि १३५ मध्ये स्टिअरिंगखालच्या डॅशवर. तो ट्रॅक्टरचे वर्ष आणि मॉडेल सांगतो. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि इंजिनाचे भाग त्याच्यावरच मागवायचे, कारण इंजिन कधीतरी बदललेले असू शकते. पर्किन्सच्या नंबरात सुरुवातीची अक्षरे इंजिनाचे घराणे दाखवतात, म्हणून नुसते आकडे कळवून ती अक्षरे गाळू नका. तिसरा कास्टिंग नंबर, त्याबद्दल वर आलेच आहे. अलीकडच्या ट्रॅक्टरवर १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो. तो पूर्ण मिळाला तर पुढचे सगळे अंदाज बंद करावेत.

इमेज सर्चमध्ये पूर्ण ट्रॅक्टरचा फोटो टाकला तर तो त्याच रंगाचे, त्याच कोनातून उभे असलेले ट्रॅक्टर दाखवतो, मग आतले यंत्र कुठलेही असो. फोटो कापून फक्त पंप, फक्त गेअर बॉक्सची बाजू किंवा फक्त पाटी टाकली तर निकाल खूप सुधारतात. तरी तो निकाल पुरावा समजू नका. ते शोधायला मिळालेले एक नाव, इतकेच.

अवजार जोडायचे असेल तर कंपनी विचारूच नका

"माझा ट्रॅक्टर कोणता आहे ते सांगा, मला रोटाव्हेटर घ्यायचा आहे." या प्रश्नाला कंपनीची गरज नाही. तीन टोकांच्या जोडणीचे प्रकार ठरलेले आहेत आणि ते पिनच्या जाडीवरून कळतात. कॅटेगरी १ मध्ये खालच्या लिंकची पिन २२ मिलिमीटर आणि टॉप लिंकची १९. कॅटेगरी २ मध्ये खालची २८ आणि वरची २५. पिन काढून वर्णिअर लावा, विषय संपला. पिन आणि भोक वेगवेगळे मोजा, कारण भोक झिजून लांबट झालेले असते आणि माप फसवते. कॅटेगरी २ च्या ट्रॅक्टरला कॅटेगरी १ चे अवजार लावायला बुश मिळतात, त्यामुळे एखाद्या पिनवर बुश चढवलेला नाही ना हेही पाहा.

पीटीओचे दात मागून सरळ समोरून फोटो काढून मोजता येतात. ६ दात म्हणजे ५४० फेऱ्यांचा, १ ३/८ इंची. तेवढाच जाड पण २१ दातांचा असेल तर १००० फेऱ्यांचा. २० दात आणि १ ३/४ इंच जाडी म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचा १००० फेऱ्यांचा. फोटोत ग्रीस असले तर दात मोजताना हमखास चूक होते, आधी पुसा. २० की २१ असा वाद डोळ्याने सोडवू नका, व्यास मोजा, लगेच कळते. शिवाय अवजाराला किती अश्वशक्ती लागते आणि ट्रॅक्टर किती वजन उचलतो हे फोटोत दिसत नाही, त्यासाठी मॉडेल लागतेच.

नोझलचेही तसेच. बूमवरच्या चपट्या फवाऱ्याच्या बहुतेक नोझलांचा रंग आयएसओच्या ठरलेल्या पद्धतीने असतो: पिवळा ०२, निळा ०३, लाल ०४. निळे नोझल ३ बार दाबाला मिनिटाला १.२ लिटर सोडते, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. नोझलवर ११००३ असे लिहिलेले असेल तर ११० हा फवाऱ्याचा कोन आणि ०३ हे माप. अडचण येते ती कॅपची. नोझलच्या बुडाची रुंदी वेगवेगळी असते आणि एकाचे नोझल दुसऱ्याच्या कॅपमध्ये घट्ट बसत नाही, त्यामुळे जुने नोझल कॅपसकट मोजा किंवा कॅपही नवी घ्या. पोकळ शंकूच्या नोझलांच्या बाबतीत रंगावर भिस्त ठेवू नका. आल्बुझच्या एटीआर मालिकेसारख्या काहींचे रंग त्यांचे स्वतःचे आहेत, तिथला पिवळा हा आयएसओचा पिवळा नाही.

फोटोत जे कधीच दिसणार नाही

क्लच प्लेट मागणारा नेहमी ट्रॅक्टरचा फोटो पाठवतो. मॅसी ३५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये साधा क्लच आणि दुहेरी क्लच असे दोन्ही प्रकार आले होते, बाहेरून फरक दिसत नाही. यावर फोटो नको, एक प्रश्न पुरतो: "पीटीओ चालू ठेवून क्लच अर्ध्यापर्यंत दाबला तर काय होते?" ट्रॅक्टर थांबला आणि पीटीओ फिरत राहिला, आणि पूर्ण दाबल्यावरच पीटीओ थांबला, तर क्लच दुहेरी आहे. दोन्ही एकदम थांबले तर साधा. तरीही प्लेटचा व्यास आणि मधल्या भोकातले दात जुनी प्लेट काढल्याशिवाय नक्की करू नयेत.

इंजिन एकदा उघडून झालेले असेल तर मॉडेल कळूनही बेअरिंग चुकू शकते. क्रँक घासून बारीक केलेला असतो आणि बेअरिंग त्या प्रमाणात जाड घातलेले असते, १० किंवा २० थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, कधी ३०. याची खूण बेअरिंगच्या पाठीवर ठोकलेली असते. पिस्टन मोठा घातला असेल तर आकडा त्याच्या माथ्यावर असतो. म्हणून जुना भाग काढला की भंगारात टाकण्याआधी त्याच्या पाठीचा, कडेचा आणि आतल्या बाजूचा फोटो घ्या. समोरच्या बाजूचा फोटो सगळेच काढतात, आणि आकडे नेमके दुसऱ्या बाजूला असतात.

फवारणी यंत्राच्या त्या केसमध्ये तिसरे किट बसले. पडदे, व्हॉल्व्ह, नवीन ऑइल घातले, तरी दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा थरथरू लागला. या वेळी पार्टचा दोष नव्हता. पंपावरच्या गोल हवेच्या कोठीत टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यातली हवा पूर्ण गेली होती. पंपाच्या पुस्तिकेत कामाच्या दाबाप्रमाणे हवा किती ठेवायची याचा तक्ता असतो. मॉडेल कळल्यामुळे पुस्तिका मिळाली होती, तक्त्यातला आकडा पाहून हाताच्या पंपाने हवा भरली आणि काटा स्थिर झाला. मालकाने मग पांढऱ्या ऑइल पेंटने पंपाचे मॉडेल सांगाड्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले, पुढच्या वेळी रंग मारला तरी ब्रश पोहोचणार नाही अशा जागी.